जुन्या प्रश्नपत्रिकांचे वाचन आणि अखेरच्या पाच आठवड्यांची उजळणी

जानेवारी सरत आला की आमच्या वसतिगृहातील दहावीच्या मुलामुलींच्या हाती पाठ्यपुस्तकापेक्षा अपेक्षित प्रश्नसंचच अधिक दिसू लागतात. कोणीतरी तालुक्याच्या गावाहून आणलेला संच खोलीखोलीतून फिरतो, त्यातल्या प्रश्नांवर लाल शाईच्या खुणा होतात आणि 'हा यंदा नक्की येणार' अशी भाकिते सुरू होतात. मुलांची ही धडपड आम्हांस समजते. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील कितीतरी मुले कापूस वेचणीच्या हंगामात आईवडिलांच्या हाताशी असतात. अनेकांचा अभ्यास खऱ्या अर्थाने दिवाळीनंतरच उभा राहतो. सगळे सारखेच वाचायला त्यांच्याजवळ वेळ उरलेला नसतो. निवड तर करावीच लागते. ती निवड दुसऱ्याच्या भाकितावर करायची की स्वतः पुरावा तपासून करायची, एवढाच प्रश्न आहे. हा पुरावा म्हणजे मंडळाच्या मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका. त्या कशा वाचाव्यात, याचे विवेचन आम्ही येथे आमच्याच विषयाच्या, म्हणजे दहावीच्या इतिहास व राज्यशास्त्राच्या, आधारे करीत आहोत.

साधनाची पारख

इतिहासाचा अभ्यासक कोणतेही लिखित साधन हाती घेतो तेव्हा प्रथम ते अस्सल आहे काय, कोणत्या काळातील आहे आणि कोणत्या परिस्थितीत तयार झाले आहे, हे विचारतो. प्रश्नपत्रिकेलाही हेच तीन प्रश्न विचारावेत.

अस्सलपणा यासाठी पाहायचा की जुन्या गठ्ठ्यात मंडळाच्या प्रश्नपत्रिकांबरोबर निरनिराळ्या शाळांच्या सराव परीक्षांच्या प्रश्नपत्रिकाही मिसळलेल्या असतात. सराव परीक्षेचा प्रश्न हा एखाद्या शिक्षकाचा अंदाज असतो. तो मोजणीत घेतला तर आपण मंडळाचा कल न मोजता दुसऱ्याच्या अंदाजाचाच कल मोजत बसतो. म्हणून अशा पत्रिका प्रथमच बाजूला काढाव्यात. त्या शेवटी लेखनसरावाला उपयोगी पडतील.

काळाचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. दहावीचे सध्याचे इतिहास व राज्यशास्त्राचे पाठ्यपुस्तक २०१८-१९ या शैक्षणिक वर्षात आले आणि त्यावरची पहिली परीक्षा मार्च २०१९ मध्ये झाली. त्याआधीच्या प्रश्नपत्रिका वेगळ्या पाठ्यपुस्तकावरच्या आहेत. त्या कितीही जमवल्या तरी आपल्या मोजणीस निरुपयोगी. मार्च २०१९ पासूनच्या पत्रिकांतही पहिल्या पानावरील एकूण गुण आणि प्रश्नांचा क्रम पाहून घ्यावा. आराखडा ४० गुणांच्या सध्याच्या आराखड्याहून निराळा दिसला, तर त्या पत्रिकेतील विषय मोजावेत, गुण मोजू नयेत. उद्या पाठ्यपुस्तक बदलले तर ही सगळी मोजणी त्याच दिवशी कालबाह्य होईल, हेही ध्यानात असावे.

परिस्थितीचा प्रश्न करोनाच्या वर्षांबाबत येतो. २०२१ ची दहावीची नियमित लेखी परीक्षा रद्द झाली. २०२२ ची परीक्षा झाली, पण ती २५ टक्के कमी केलेल्या अभ्यासक्रमावर. त्यामुळे २०२२ च्या प्रश्नपत्रिकेत एखाद्या पाठातील भाग दिसला नाही, तर तो मंडळास महत्त्वाचा वाटला नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. तो त्या वर्षी विचारताच येत नव्हता. अनुपस्थितीचा पुरावा वापरताना अशी सावधगिरी लागते.

मंडळ वर्षातून दोनदा परीक्षा घेते. मुख्य परीक्षेइतकीच पुरवणी परीक्षेची प्रश्नपत्रिकाही ग्राह्य धरावी. त्यामुळे तीन वर्षांतही पाच-सहा अस्सल पत्रिका जमतात आणि आपल्या कामास तेवढ्या पुरतात.

आराखडा आधी, विषय नंतर

कोणता विषय वारंवार येतो हे पाहण्याआधी कोणत्या प्रश्नात निवडीला वाव आहे, हे पाहावे लागते. आमचे बहुतेक विद्यार्थी नेमकी हीच पायरी गाळतात.

४० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत इतिहासाला २८ आणि राज्यशास्त्राला १२ गुण आहेत. इतिहासात योग्य पर्याय निवडण्याचे ३ गुण, चुकीची जोडी ओळखण्याचे ३, संकल्पनाचित्रासारख्या कृतींचे ४, टिपांचे ४, विधाने सकारण स्पष्ट करण्याचे ४, उताऱ्यावरील प्रश्नांचे ४ आणि सविस्तर उत्तरांचे ६ गुण असतात. राज्यशास्त्रात योग्य पर्यायाचे २, चूक की बरोबर ते सकारण सांगण्याचे ४, संकल्पना स्पष्ट करण्याचे २, कृतीचे २ आणि थोडक्यात उत्तराचे २ गुण असतात.

आता याचे दोन भाग करू. योग्य पर्याय, चुकीची जोडी आणि उतारा मिळून दोन्ही विषयांचे १२ गुण होतात. येथे निवडीला वाव जवळजवळ नाही. पुस्तकाच्या कोणत्याही पानावरून प्रश्न येऊ शकतो. उरलेल्या २८ गुणांत मात्र 'कोणतेही दोन' किंवा 'कोणताही एक' अशी मुभा असते. निवडक उजळणी ही या २८ गुणांसाठीच आहे. जो विद्यार्थी चार पाठ निवडतो आणि बाकीचे पाठ उघडतच नाही, तो २८ गुणांसाठी योग्य असलेली युक्ती १२ गुणांनाही लावतो आणि सोपे म्हणून गणले जाणारे गुणच गमावतो. सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत याची खूण स्पष्ट दिसते : टिपा उत्तम, सविस्तर उत्तरे बरी, आणि पहिला प्रश्न मात्र अर्धा चुकलेला. असे दिसले की ओळखावे, निवड चुकीच्या जागी झाली आहे.

प्रश्न नव्हे, विषयसूत्र

मंडळ प्रश्न जसाच्या तसा क्वचित परत देते. विषयसूत्र मात्र निरनिराळ्या रूपांत परत येते. म्हणून 'हा प्रश्न किती वेळा आला' असे मोजल्यास हाती फारसे लागत नाही. 'हे सूत्र कोणकोणत्या रूपांत आले' असे मोजावे.

दुसऱ्या पाठाचे, 'इतिहासलेखन : भारतीय परंपरा' याचे उदाहरण घेऊ. त्यात 'वंचितांचा इतिहास' हे एक सूत्र आहे. टिपेत ते सरळ विचारता येते. चुकीच्या जोडीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'हू वेअर द शूद्राज' हा ग्रंथ कोणत्या लेखनप्रवाहात बसतो, हे विचारता येते. संकल्पनाचित्रात महात्मा फुले यांचा 'गुलामगिरी', बाबासाहेबांचे ग्रंथ आणि रणजित गुहा यांचे नाव योग्य चौकटीत भरायला सांगता येते. सकारण विधानात, इतिहासलेखनाची सुरुवात समाजाच्या तळाशी असलेल्या लोकांपासून का करावी लागते, असा रोख ठेवता येतो. रूपे चार, पण त्यांना लागणारी सामग्री एकच.

अशा सूत्राचे एक पान तयार करावे आणि ते चार भागांत लिहावे. पहिल्या भागात दोन ओळींची व्याख्या : समाजातील तळाच्या, उपेक्षित समूहांना केंद्रस्थानी ठेवून लिहिलेला इतिहास. दुसऱ्या भागात नावे आणि ग्रंथ : इटालियन विचारवंत अंतोनिओ ग्राम्ची यांनी मांडलेली मूळ कल्पना, रणजित गुहा यांचे कार्य, फुल्यांचा १८७३ चा 'गुलामगिरी', बाबासाहेबांचे 'हू वेअर द शूद्राज' व 'द अनटचेबल्स'. तिसऱ्या भागात कारण : राजे, युद्धे व राज्यकर्ते यांच्याभोवती फिरणाऱ्या लेखनात ज्यांच्या नोंदी राहिल्या नाहीत, त्यांच्यासाठी लोकपरंपरेसारखी वेगळी साधने वापरावी लागतात. चौथ्या भागात शेजारचे सूत्र आणि त्यातला भेद : स्त्रीवादी इतिहासलेखनातही उपेक्षितांचाच विचार आहे, परंतु तेथे दृष्टिकोन स्त्रियांचा, ताराबाई शिंदे यांचा १८८२ चा 'स्त्रीपुरुष तुलना' त्या चौकटीत जातो, वंचितांच्या चौकटीत नव्हे.

हा चौथा भाग मुलांना अनावश्यक वाटतो. पण चुकीची जोडी ओळखण्याचा प्रश्न नेमका शेजारच्या सूत्रांची सरमिसळ करूनच तयार होतो. ग्रँट डफ वसाहतवादी प्रवाहात आणि वि. का. राजवाडे राष्ट्रवादी प्रवाहात, हे ज्याने शेजारी शेजारी लिहून पाहिले त्याचा गोंधळ होत नाही. केवळ टिप पाठ केलेल्याचा होतो.

तक्ता कसा भरावा

दुहेरी पानाच्या वहीत डाव्या बाजूस सूत्रे लिहावीत : इतिहासाचे नऊ आणि राज्यशास्त्राचे पाच, अशा चौदा पाठांची मिळून साधारण चाळीस. वरच्या ओळीत प्रश्नपत्रिकेचा महिना व वर्ष लिहावे. मग एकेक पत्रिका घेऊन तिच्यातील प्रत्येक प्रश्न, ऐच्छिक म्हणून सोडता येणारे प्रश्नसुद्धा, योग्य चौकटीत नोंदवावा. नोंद नुसत्या टिंबाची करू नये. प्रश्नाच्या रूपाचे आद्याक्षर लिहावे. टिपेसाठी 'टि', सकारण विधानासाठी 'का', कृतीसाठी 'कृ', सविस्तर उत्तरासाठी 'स', वस्तुनिष्ठासाठी 'व'. एका पत्रिकेस अर्धा तास लागतो.

पाच पत्रिका भरून झाल्यावर सूत्रांचे तीन गट करावेत. तीन किंवा अधिक पत्रिकांत कोणत्याही रूपात आलेली सूत्रे पहिल्या गटात, दोन पत्रिकांत आलेली दुसऱ्यात, एकदाच आलेली अथवा न आलेली तिसऱ्यात. पहिल्या गटातील सर्व आणि दुसऱ्यातील काही मिळून बारा सूत्रे निवडावीत व त्यांची पाने तयार करावीत. तिसरा गट सोडून द्यायचा नाही. त्याचे केवळ वाचन करायचे.

आद्याक्षरांचा उपयोग येथे कळतो. एखादे सूत्र चारदा आले आहे, पण चारही वेळा 'व' म्हणून, तर त्याला पूर्ण पान देण्याची गरज नाही. नावे व ग्रंथ पक्के असले की झाले. उलट दोनदाच आलेले, पण दोन्ही वेळा 'स' म्हणून आलेले सूत्र पानास पात्र आहे, कारण त्यातून एकदम तीन गुण मिळतात.

निवड खरी की खोटी, हे परीक्षेआधीच पाहता येते

आपली निवड बरोबर आहे काय, हे कळण्यास मार्चपर्यंत थांबण्याचे कारण नाही. हाती पाच पत्रिका असतील तर सर्वांत अलीकडची एक न वाचता बंद ठेवावी. उरलेल्या चारांवरून तक्ता भरावा, बारा सूत्रे निवडावीत आणि मग पाचवी पत्रिका उघडून, आपण निवडलेल्या बारा सूत्रांच्या बळावर तिच्यातील किती गुणांचे प्रश्न सोडवता आले असते, हे मोजावे.

नमुन्यादाखल एक हिशेब मांडतो. आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. समजा, एका विद्यार्थिनीने असे केले. पाचव्या पत्रिकेत तिच्या बारा सूत्रांतून दोन कृती सुटतात, म्हणजे ४ गुण. टिपाही दोन सुटतात, ४ गुण. सकारण विधान एकच सुटते, २ गुण. सविस्तर उत्तरही एकच, ३ गुण. इतिहासाचे १८ पैकी १३ झाले. राज्यशास्त्रात चूक की बरोबर यातील एक विधान, २ गुण, संकल्पना २, कृती २, थोडक्यात उत्तर एकही नाही. येथे १० पैकी ६. निवडीला वाव असलेल्या २८ गुणांपैकी १९ गुण तिच्या पानांनी झाकले.

या १९ आकड्याचा आनंद किंवा खेद मानण्यापेक्षा ९ गुण कोठे निसटले, हे पाहावे. सविस्तर उत्तरात ३, सकारण विधानात २, राज्यशास्त्रात ४. म्हणजे तिची निवड टिपांच्या बाजूस झुकली आहे आणि राज्यशास्त्राची सूत्रे कमी पडली आहेत. तिने दोन टिपांची सूत्रे कमी करून त्या जागी निवडणूक प्रक्रिया आणि सामाजिक व राजकीय चळवळी या पाठांतील प्रत्येकी एक सूत्र घ्यावे. त्यानंतर पाचवी पत्रिकाही तक्त्यात भरून निवड पक्की करावी.

याच मोजणीने एका जुन्या समजुतीचीही परीक्षा होते. 'मागच्या वेळी आले म्हणून यंदा येणार नाही' असे मुले खात्रीने सांगतात. आपल्या तक्त्यात लागोपाठच्या दोन पत्रिकांत आलेली सूत्रे शोधावीत. तशी सूत्रे सापडली की समजूत गळून पडते. पाच-सहा पत्रिकांवरून कोणते सूत्र वारंवार येते हे सांगता येते. यंदा कोणते येणार, हे सांगता येत नाही. जो तसे सांगतो तो तक्ता वाचत नाही, भविष्य सांगतो.

पाच आठवड्यांची आखणी

दहावीला इतर विषयही आहेत. गणित व इंग्रजी आमच्या मुलांचा अधिक वेळ घेतात. म्हणून या विषयास सोमवार ते शनिवार रोज अर्धा तास, म्हणजे आठवड्यास तीन तास, एवढेच आम्ही गृहीत धरतो.

पहिल्या आठवड्यात पाच दिवस रोज एक पत्रिका. चार पत्रिका तक्त्यात, पाचवी पडताळणीसाठी. सहाव्या दिवशी बारा सूत्रांची अंतिम यादी. हे काम तीन-चार जणांच्या गटाने केल्यास चुकीच्या चौकटीत पडलेली नोंद लगेच लक्षात येते. मात्र यादी प्रत्येकाची स्वतःची असावी, कारण कोणाचा कोणता पाठ कच्चा आहे हे सारखे नसते.

दुसऱ्या व तिसऱ्या आठवड्यात रोज एका सूत्राचे पान. पान पाठ्यपुस्तकावरूनच लिहावे, मार्गदर्शिकेवरून नव्हे. उतारा पुस्तकातूनच येतो, तेव्हा पुस्तकाची भाषा डोळ्यांखालून गेलेली असणे हाच उताऱ्याचा अभ्यास ठरतो.

चौथा आठवडा त्या १२ गुणांचा. चौदाही पाठ सहा दिवसांत, रोज दोन किंवा तीन. येथे काहीही पाठ करायचे नाही. नावे, ग्रंथ, वर्षे, संस्था आणि स्थळे यांखाली पेन्सिलीने रेघ ओढत वाचायचे आणि मग चौकटीतील मजकूर व चित्रांखालील ओळी पाहायच्या. मुले या ओळी ओलांडून पुढे जातात.

पाचव्या आठवड्यात बारा पाने पुन्हा पाहावीत, पण नुसती वाचून नव्हे. पान झाकून त्या सूत्राचे न आलेले रूप सोडवावे. तक्त्यात 'टि' असेल तर त्याच सूत्राचे सकारण विधान स्वतः तयार करून तीन-चार ओळींत उत्तर लिहावे. चौथ्या आणि पाचव्या आठवड्याच्या रविवारी प्रत्येकी एक पूर्ण प्रश्नपत्रिका घड्याळ लावून दोन तासांत सोडवावी. बाजूला काढलेल्या सराव परीक्षांच्या पत्रिका यासाठी वापराव्यात. त्या तक्त्यात नसल्यामुळे आधीच ओळखीच्या नसतात.

कोठे फसगत होते

दोन ठिकाणी ही रीत उलटते. पहिले, सूत्र येते पण रूप बदलते आणि विद्यार्थी पाठ केलेली टिपच उतरवतो. 'विधान सकारण स्पष्ट करा' या प्रश्नाला व्याख्या लिहून भागत नाही, कारण लिहावे लागते. राज्यशास्त्रात केवळ 'विधान बरोबर आहे' एवढेच लिहून थांबणारे दरवर्षी आढळतात. निवडणूक आयोगाविषयीचे विधान असेल, तर तो अधिकार आयोगास का दिला आहे हे एका वाक्यात आले पाहिजे. विधान चूक असेल, तर तो अधिकार खरोखर कोणाचा, हे आले पाहिजे. अशी चूक होत असेल तर सूत्र नव्हे, पानाचा तिसरा भाग कच्चा आहे.

दुसरे, पाच आठवड्यांऐवजी पाचच दिवस उरलेले असतात. तेव्हा तक्ता भरत बसू नये. वर्गातील ज्या सहाध्यायाने तो नीट भरला आहे त्याच्याकडून पहिला गट उतरवून घ्यावा, त्यातील सहा सूत्रांची पाने करावीत आणि उरलेला सर्व वेळ चौदा पाठांच्या वाचनास द्यावा. कमी वेळात पाठांतर वाढवावे असे वाटते. परंतु ज्या १२ गुणांत निवड नाही त्यांना आणि उताऱ्याला वाचनच उपयोगी पडते.

आमच्या शाळेच्या वाचनालयातील कपाटात मार्च २०१९ पासूनच्या प्रश्नपत्रिका जमवण्याचे काम चालू आहे. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी जे माजी विद्यार्थी आहेत, त्यांनी आपल्याजवळील प्रश्नपत्रिका, विशेषतः पुरवणी परीक्षेच्या, वाचनालयाकडे पोहोचत्या कराव्यात. त्या सहसा कोणी जपून ठेवत नाही, आणि जुलैत दुसऱ्यांदा परीक्षेस बसणाऱ्या मुलामुलींना त्यांचीच सर्वाधिक गरज पडते.